विनंतीपत्राचे लेखन : सराव-मौखिकी आणि स्पष्ट अभिप्राय यांची मागणी

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
१. विनंतीपत्रातील भाषा आणि त्या पत्रातून घडणारी प्रत्यक्ष कृती यांचा संबंध सांगता येईल.
२. ‘आपण’, ‘आपला’ ही सर्वनामे आणि क्रियापदाचे विध्यर्थी रूप यांचा विनंतीपत्रात नेमका उपयोग करता येईल.
३. प्रकल्पाच्या सराव-मौखिकीसाठी प्राध्यापकांना पत्र लिहिता येईल आणि त्यातून मिळालेल्या अभिप्रायाचा उपयोग करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पत्रलेखनाच्या मागील घटकांत आपण मायना, विषय, मजकूर आणि समारोप ही पत्राची अंगे पाहिली. ही अंगे जागच्या जागी असली की पत्र शुद्ध होते. परंतु ते आपले काम करतेच, असे नाही. प्रस्तुत घटकात एकाच विद्यार्थिनीने लिहिलेली दोन पत्रे आपण शेजारी ठेवून वाचणार आहोत. ही विद्यार्थिनी पन्हाळा तालुक्यातील कोडोली येथे राहते, दिवसा नोकरी करते आणि बी.ए.च्या अंतिम वर्षाला आहे. कोडोली परिसरातील गुऱ्हाळांवर वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा संग्रह हा तिच्या प्रकल्पाचा विषय आहे. वारणेच्या खोऱ्यातील या भागात ऊस हे मुख्य पीक असल्याने विषय तिच्या घराजवळचा आहे. अहवाल तयार होत आला, मौखिकीची तारीख ठरली, तेव्हा तिने मला पत्र लिहिले. तिच्या संमतीने, नाव वगळून, ती पत्रे येथे घेतली आहेत.

२. विषयविवेचन

२.१ पहिले पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.
मी बी.ए. अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. माझी तोंडी परीक्षा जवळ आली आहे व मला खूप भीती वाटते. तरी आपण वेळात वेळ काढून माझी थोडी तयारी करून घ्यावी व योग्य ते मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती. काही चुकले असल्यास क्षमा असावी.
आपली कृपाभिलाषी

या पत्रात व्याकरणाची चूक नाही. वडीलधाऱ्या व्यक्तीला लिहिताना ‘सप्रेम नमस्कार’ न वापरता ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा मायना तिने योजला आहे, तोही परंपरेला धरून आहे. तरीही हे पत्र हाती आल्यावर मला काहीच करता येईना. प्रकल्पाचा विषय कोणता, परीक्षा केव्हा, ‘थोडी तयारी’ म्हणजे किती वेळ, यांपैकी कशाचाच उलगडा त्यातून होत नव्हता.

याहून महत्त्वाचा दोष सहज दिसत नाही. ‘मला खूप भीती वाटते’ हे वाक्य वाचल्यावर वाचणाऱ्याच्या मनात कोणते उत्तर उमटते? ‘घाबरू नका, सगळे नीट होईल.’ भीती सांगणाऱ्याला आपण धीर देतो. त्याच्या लेखनातील दोष त्याला दाखवीत नाही. ‘योग्य ते मार्गदर्शन’ या शब्दांनीही निवड सर्वस्वी वाचणाऱ्यावर सोपवली जाते, आणि वाचणारा बहुधा सोपा मार्ग निवडतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगत आहे. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत अशाच एका पत्रावरून मी एका विद्यार्थ्याची तयारी करून घेतली होती. त्याच्या संकल्पनेत मोठी उणीव होती आणि ती मला दिसली होती. परंतु तो आधीच घाबरलेला आहे, असे मनाशी म्हणून मी ‘छान झाले आहे, आत्मविश्वास ठेवा’ एवढेच सांगितले. परीक्षकांचा पहिलाच प्रश्न त्या उणिवेवर होता. बाहेर आल्यावर तो मला एवढेच म्हणाला, “सर, तुम्हांला हे दिसलं नव्हतं का?” त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे मला जड गेले. दोष माझा होता. पण त्याच्या पत्राने मला खरे बोलण्याचे काम दिलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

२.२ विनंती ही एक भाषिक कृती

भाषा केवळ माहिती देत नाही. बोलून किंवा लिहून आपण कृती करीत असतो. वचन देणे, आज्ञा करणे, क्षमा मागणे या जशा भाषिक कृती आहेत, तशीच विनंती हीसुद्धा एक भाषिक कृती आहे. जॉन सर्ल यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा कृती सफल होण्याच्या अटी मांडल्या. विनंतीपुरत्या त्या सोप्या शब्दांत अशा सांगता येतील : ज्याला विनंती करावयाची त्याला ते काम करणे शक्य असले पाहिजे, विनंती केली नाही तर तो ते आपणहून करील, असे उघड नसले पाहिजे, आणि विनंती करणाऱ्याला ते काम खरोखरच व्हावयास हवे असले पाहिजे.

पहिल्या पत्रात पहिली अट अडली. तारीख, कालावधी व मजकूर माहीत नसल्याने काम शक्य आहे की नाही, हेच मला ठरविता येत नव्हते. स्पष्ट अभिप्रायाच्या मागणीत मात्र खरी अडचण तिसऱ्या अटीची असते. ‘काही चुकले तर मोकळेपणाने सांगा’ हे वाक्य मराठीत शिष्टाचार म्हणूनही बोलले जाते. निघताना ‘या एकदा जेवायला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ऐकणारा लगेच तारीख विचारीत नाही. ज्या अभिप्रायाची मागणी केली आहे तो लिहिणाऱ्याला मनापासून हवा आहे, हे केवळ ‘स्पष्ट’, ‘परखड’ अशा विशेषणांनी सिद्ध होत नाही. ते पत्रातील तपशिलांनी सिद्ध करावे लागते. हा तपशील कोणता, ते २.४ मध्ये पाहू. त्याआधी रूपांचा विचार करू.

२.३ विनंतीची व्याकरणिक रूपे

मराठीत एकच मागणी अनेक रूपांत मांडता येते. पुढील वाक्ये क्रमाने वाचा.

(अ) माझी सराव-मौखिकी घ्या.
(आ) आपण माझी सराव-मौखिकी घ्यावी.
(इ) आपण माझी सराव-मौखिकी घ्याल का?
(ई) माझी सराव-मौखिकी घेणे आपणांस शक्य होईल का?

पहिले वाक्य आज्ञार्थी आहे; येथे ते चालणार नाही. दुसरे विध्यर्थी आहे आणि पत्रव्यवहारात ते रूढ आहे. परंतु विध्यर्थाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. ‘विद्यार्थ्यांनी ओळखपत्र सोबत आणावे’ या सूचनेतही हेच ‘-आवे’ आहे आणि ती सूचना बंधनकारक असते. म्हणजे ‘घ्यावी’ हे रूप नम्र असले, तरी नकार देण्यास ते फारशी जागा ठेवीत नाही. चौथ्या वाक्यात प्रश्न ‘इच्छा आहे का’ असा नसून ‘शक्य आहे का’ असा आहे. त्यामुळे ‘या आठवड्यात शक्य नाही’ असे उत्तर संकोचाशिवाय देता येते. ज्याला नकार देता येतो, त्याचा होकार भरवशाचा असतो. म्हणून मुख्य मागणी चौथ्या रूपात करावी आणि पुढील लहान सूचना विध्यर्थात लिहाव्यात.

दुसरी काळजी सर्वनामांची आहे. एकाच पत्रात कोठे ‘आपण’ व कोठे ‘तुम्ही’ असे मिसळू नये. शिवाय ‘आपला’ हे रूप मराठीत दुहेरी काम करते. ते आदरार्थी आहे, तसेच कर्त्याकडे वळणारेही आहे. ‘मी आपला अहवाल सोबत जोडत आहे’ या वाक्यात अहवाल कोणाचा? लिहिणाऱ्याचा की वाचणाऱ्याचा? समोरच्याला ‘आपण’ म्हणत असलेल्या पत्रात स्वतःच्या वस्तूसाठी ‘माझा’ असेच लिहावे.

२.४ सुधारित पत्र

पहिल्या पत्रावर मी तीन प्रश्न लिहून ते परत पाठविले : केव्हा? कशावर? आणि तुम्हांला स्वतःला कोठे शंका वाटते? आठ दिवसांनी पुढील पत्र आले.

कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर
दि. ८ फेब्रुवारी

विषय : प्रकल्पाची सराव-मौखिकी घेऊन अहवालातील त्रुटी दाखविण्याबाबत विनंती.

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

‘कोडोली परिसरातील गुऱ्हाळाची शब्दसंपत्ती’ या विषयावर मी प्रकल्प-अहवाल लिहिला आहे. अहवाल ५ मार्च रोजी जमा करावयाचा असून मौखिकी १४ मार्च रोजी आहे. अहवाल जमा करण्यापूर्वी माझी एक सराव-मौखिकी घेणे आपणांस शक्य होईल का? गुरुवार, दि. १९ फेब्रुवारी (शिवजयंतीची सुटी) किंवा रविवार, दि. २२ फेब्रुवारी या दोन्ही दिवशी मला येता येईल. प्रश्नांसाठी वीस मिनिटे आणि अभिप्रायासाठी वीस मिनिटे, एवढा वेळ पुरेल असे वाटते.

माझ्या अहवालाची प्रत व दोन पानांचा गोषवारा सोबत जोडला आहे. वेळ कमी असल्यास केवळ गोषवारा व शब्दांची यादी पाहावी.

मला स्वतःला तीन ठिकाणी शंका आहे. ‘परिसर’ म्हणजे नेमकी कोणती गावे, हे मी लिहिलेले नाही. माझे सर्व निवेदक साठीच्या पुढचे पुरुष आहेत. यादीतील शब्दांना मी ‘कोडोलीचे शब्द’ म्हटले आहे, ते कितपत टिकेल याची खात्री नाही.

उत्तर चुकल्यास मध्येच सुधारू नये. परीक्षकांप्रमाणे पुढील प्रश्न विचारावा. अभिप्रायात आधी अहवालातील चुका सांगाव्यात, कारण त्या दुरुस्त करण्यास माझ्या हाती दिवस आहेत. बोलण्यातील दोष त्यानंतर सांगावेत. अभिप्राय ऐकताना मी उत्तर देणार नाही, फक्त लिहून घेईन. आपली हरकत नसेल तर संभाषण ध्वनिमुद्रित करीन.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी याची कल्पना दिली आहे. या दोन्ही दिवशी आपणांस सवड नसल्यास तसे कळवावे. मी अन्य व्यवस्था करीन.

आपली विद्यार्थिनी

या पत्रात ‘परखड’ हा शब्द कोठेही नाही. तरीही खरे बोलणे त्याने मला सोपे करून दिले. कसे, ते पाहा. आपल्या शंका तिने स्वतःच नोंदविल्या, त्यामुळे त्या विषयांवर बोलताना तिला दुखावण्याची भीती उरली नाही. अहवाल जमा करण्याच्या आधीची तारीख मागितल्याने अभिप्राय उपयोगी पडणार, हे निश्चित झाले. सुधारणेला वेळच उरला नसेल, तर सहृदय माणूस दोष सांगण्याचे टाळतो. ‘मी उत्तर देणार नाही, फक्त लिहून घेईन’ या वाक्याने वादाची शक्यता संपली. ‘खूप भीती वाटते’ हे वाक्य गळाले. भीती गेली होती असे नाही, पण तिने तिची विभागणी तीन शंकांत केली होती.

मार्गदर्शकांचा उल्लेख केवळ सौजन्याचा नाही. त्यांना न कळविता दुसऱ्याचे मत घेतले, तर दोन मतांच्या कात्रीत विद्यार्थीच सापडतो. तसेच ज्या व्यक्तीला त्या मौखिकीत गुण द्यावयाचे आहेत, तिला असे पत्र कधीही लिहू नये. त्या व्यक्तीकडे सरावाची मागणी करणे म्हणजे अप्रत्यक्षपणे प्रश्न मागणेच ठरते.

२.५ पत्रानुसार घडलेला सराव

सराव शिवजयंतीच्या दिवशी झाला. त्यातील एक छोटा भाग येथे देतो.

प्रश्न : तुमच्या यादीत ‘काकवी’ आहे. हा शब्द कोडोलीचा, असे कशावरून म्हणता?
उत्तर : इथले सगळे गुळवे हाच शब्द वापरतात, सर.
प्रश्न : मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या कोशातही तो आहे. ‘गुऱ्हाळ’ही आहे. मग?
उत्तर : ...
प्रश्न : बरे. ‘रवा’ म्हणजे काय?
उत्तर : गुळाची ढेप. बाजारात रव्यावरच मोजतात.
प्रश्न : कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला ‘रवा’ म्हटल्यावर काय आठवेल?
उत्तर : शिऱ्याचा रवा... (हसून) हे मी लिहायला हवं होतं.

दुसऱ्या प्रश्नानंतर ती थांबली, तेव्हा मदत करण्याचा मोह मला झाला. परंतु पत्रात तिने तसे करू नये म्हटले होते, म्हणून मी पुढे गेलो. ती शांतताच तिला पुढे सर्वांत उपयोगी पडली. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर तिच्या लक्षात आले की तेथे उत्तर विसरले नव्हते. देण्याजोगे उत्तर अहवालातच नव्हते. हा भेद मोलाचा आहे. उत्तर माहीत असून सांगता आले नाही, तर सरावाने ते सुधारते. उत्तरच नसेल, तर कितीही सराव केला तरी उपयोग नाही. अहवाल बदलावा लागतो.

अभिप्राय देताना मी ‘वर्गीकरण कच्चे आहे’ एवढेच म्हटले असते, तर तो स्पष्ट झाला असता, पण उपयोगी नाही. म्हणून आम्ही यादी पुढे घेतली आणि शब्द तीन गटांत लावून पाहिले. पहिल्या गटात सर्वत्र त्याच अर्थाने चालणारे शब्द आले, उदाहरणार्थ ‘काकवी’. दुसऱ्यात प्रमाण मराठीतील रूप, पण या व्यवसायात वेगळा अर्थ असलेले, उदाहरणार्थ ‘रवा’. तिसऱ्यात लिखित रूपापेक्षा उच्चार वेगळा ऐकू येणारे, उदाहरणार्थ ‘गुऱ्हाळ’ऐवजी ‘गुराळ’. अशी मांडणी होताच ‘कोडोलीचे शब्द’ हा दावा आपोआप मागे पडला आणि त्या जागी टिकणारे विधान आले : ‘कोडोली परिसरात गुऱ्हाळावर वापरले जाणारे शब्द’. एका विभक्तीप्रत्ययाचा आणि एका कृदंताचा हा फरक आहे. पण पहिले विधान मालकी सांगते, दुसरे केवळ वापर नोंदविते. पहिल्यासाठी शेजारच्या सर्व भागांचा अभ्यास हवा. दुसऱ्यासाठी तिने केलेले काम पुरेसे होते.

बोलण्यातील दोष शेवटी आले आणि ते थोडेच होते. पहिले उत्तर लांबले आणि मुद्दा अखेरीस आला. ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ हा वाक्प्रचार तिच्या प्रकल्पात नोंदविलेला नव्हता, हे मी सांगितले, तेव्हा तिनेच तो स्वतःच्या उत्तराला लागू केला.

२.६ अभिप्रायानंतरचे पत्र

अभिप्राय घेतल्यानंतर केवळ ‘धन्यवाद’ लिहून थांबू नये. तिने पुढील आठवड्यात चार ओळींचे पत्र पाठविले. शब्दांची तीन गटांत मांडणी केली. ‘परिसर’ या शब्दाखाली भेट दिलेल्या गावांची नावे लिहिली. गुऱ्हाळावर काम करणाऱ्या दोन स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, असे तिने कळविले. माझी एक सूचना, म्हणजे प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती देण्याची, तिने मानली नाही आणि कारण दिले : ‘त्यासाठी लागणारी साधने माझ्याजवळ नाहीत, अर्धवट व्युत्पत्तीपेक्षा ती न दिलेली बरी.’ हे कारण योग्य होते. अभिप्राय मागणे म्हणजे तो संपूर्ण स्वीकारणे नव्हे. परंतु जे स्वीकारले नाही, ते का, हे सांगता आले पाहिजे. १४ मार्चला तिला व्युत्पत्तीबद्दल विचारले गेले आणि हेच उत्तर तिने परीक्षकांना दिले.

३. सारांश

विनंतीपत्र ही भाषिक कृती आहे. ती सफल होण्यासाठी वाचणाऱ्याला काम करणे शक्य वाटले पाहिजे आणि लिहिणाऱ्याची मागणी खरी आहे, हे तपशिलांतून दिसले पाहिजे. सराव-मौखिकीच्या पत्रात तारीख, कालावधी, सोबत जोडलेला मजकूर, स्वतःच्या शंका आणि अभिप्राय कोणत्या क्रमाने हवा हे लिहावे. मुख्य मागणी शक्यतावाचक प्रश्नात करावी, म्हणजे नकारालाही जागा राहते. स्वतःच्या गोष्टींसाठी ‘माझा’ हे रूप वापरावे. अहवाल जमा करण्यापूर्वी सराव व्हावा आणि उत्तर विसरले की उत्तर मुळातच नव्हते, हा भेद त्यातून तपासावा.

४. स्वाध्याय

१. ‘मी आपले टिपण पाहून आपल्या शंका कळवीन’ या वाक्याचे संभाव्य अर्थ सांगा व संदिग्धता दूर करून वाक्य पुन्हा लिहा.
२. विध्यर्थी रूप आज्ञेसाठी व विनंतीसाठी वापरलेले आहे, अशी प्रत्येकी दोन वाक्ये आपल्या परिसरातील फलक, सूचना किंवा निमंत्रणपत्रिका यांतून शोधून लिहा.
३. २.१ मधील पत्रातील ‘थोडी’, ‘योग्य ते’ आणि ‘वेळात वेळ काढून’ या शब्दप्रयोगांच्या जागी नेमका तपशील घालून ते पत्र पुन्हा लिहा.
४. आपल्या प्रकल्पातील तीन शंकास्थाने लिहून काढा. प्रत्येकापुढे ‘उत्तर आहे, सांगता येत नाही’ किंवा ‘उत्तरच नाही’ यांपैकी एक नोंद करा. त्या आधारे आपल्या अभ्यासकेंद्रातील, परंतु आपणांस गुण देणार नसलेल्या, एखाद्या प्राध्यापकांना सराव-मौखिकीची विनंती करणारे सुमारे २०० शब्दांचे पत्र लिहा.